रोलिंग फोरकास्ट 'फिरता' की 'सरकता'?

प्रश्न: महापेच्या एका स्टार्टअपमध्ये हिशोब बघते. वार्षिक बजेट आहेच, आता रोलिंग फोरकास्टही मागितलाय. मराठीत दोन्हीला अंदाजपत्रकच म्हणायचं का? 'फिरता अंदाज' चालेल का?

बजेटला अंदाजपत्रक म्हणा आणि दुसऱ्याला 'सरकता अंदाज'. 'फिरता' म्हटलं की तीच वस्तू परत हातात येते, जसा फिरता चषक, फिरता निधी. रोलिंग फोरकास्टमध्ये गेलेला महिना परत येत नाही, दर महिन्याला शेवटी नवा जोडला जातो. ठाणे स्टेशनवरचा सरकता जिना आठवा: एका टोकाला पायरी आत जाते, दुसऱ्या टोकाला नवी बाहेर येते आणि दिसणाऱ्या पायऱ्या तेवढ्याच राहतात. 'सुधारित अंदाज'ही चालणार नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात तो असतो, पण त्याच आर्थिक वर्षापुरता, ३१ मार्चला संपणारा.

शीटची मांडणी पाहिली की शब्द आपोआप पटतो. अंदाजपत्रकात एप्रिल ते मार्च असे बाराच रकाने, एकदा मंजूर झालेले. महिना संपला की शेजारी प्रत्यक्ष आकडा आणि फरक लिहायचा, मूळ आकड्याला हात लावायचा नाही. सरकत्या अंदाजात सप्टेंबर बंद झाला की त्याच्या रकान्यात प्रत्यक्ष आकडा बसतो आणि शेवटी पुढच्या वर्षीचा सप्टेंबर जोडला जातो. पुढचे बारा महिने कायम डोळ्यासमोर.

समजा, मार्चअखेर तुमचे ग्राहक १०० होते. अंदाजपत्रकात दरमहा १० वाढतील असं धरलं, म्हणजे पुढच्या मार्चला २२०. प्रत्यक्षात दरमहा २० वाढले आणि २२० चा आकडा सप्टेंबरातच गाठला. दर ४० ग्राहकांमागे सपोर्टला एक माणूस लागतो असं धरलं, तर अंदाजपत्रक मार्चसाठी सहा माणसं सांगतं. सरकता अंदाज मात्र सांगतो की हाच वेग राहिला तर मार्चला ग्राहक ३४० होतील आणि माणसं नऊ लागतील. नव्या माणसाचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर निवड डिसेंबरातच व्हायला हवी. त्या वेळी 'बजेटमध्ये नाही' म्हणून अर्ज अडला, तर मार्चमध्ये ग्राहकांचे फोन उचलायला कोणी नसतं. आमच्याकडे एकदा नेमकं हेच झालं होतं, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

पण सरकत्या अंदाजासाठी अंदाजपत्रक मोडू नका. संचालकांना दिलेला शब्द त्यात असतो, 'अर्थसंकल्प' शब्दातला 'संकल्प' तोच. आणि दर महिन्याची प्रत वेगळी जपून ठेवा. जुन्या आकड्यांवर नवे लिहीत गेलात तर अंदाज किती चुकत होता हे कधीच कळणार नाही. जूनच्या प्रतीतला सप्टेंबर आणि खरा सप्टेंबर शेजारी ठेवा. दर वेळी अंदाजच चढा निघत असेल, तर त्या रकान्यात सेल्सवाल्यांची आशा लिहिली जातेय.