रात्रपाळीच्या सिस्टरला कोणत्या ओळी पाठवाव्यात?

प्रश्न : माझी धाकटी बहीण सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळी लागली की ती फार दमते. रोज तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतील अशा, धीर देणाऱ्या पण पोकळ न वाटणाऱ्या ओळी कोणी सुचवेल का?

उत्तर : ‘देवदूत’, ‘सेवा हाच धर्म’ आणि ‘पांढऱ्या पोशाखातली माऊली’ हे तीन प्रकार प्रथम वगळावेत. मी निवृत्त अधिपरिचारिका आहे. नोकरीतला बराच काळ पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात गेला आणि त्यातला मोठा भाग रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीत. असल्या ओळी ड्युटी रूमच्या फळ्यावर मी इतक्या वाचल्या आहेत की त्यांच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही. देवदूताला झोप येत नाही, त्यामुळे जिला देवदूत म्हटले जाते तिला ‘मला झोप येते आहे’ असे सांगण्याची चोरी होते. रुग्णालयात ही चोरी धोक्याची ठरते.

पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते आणि लक्षही त्याच वेळी सर्वांत क्षीण असते. ओळीने चार-पाच रात्री केल्या म्हणून शरीराचे घड्याळ पूर्णपणे बदलत नाही. दुर्दैवाने वॉर्डातली कामेही याच सुमारास वाढू लागतात. नाडी व रक्तदाब पाहायचा असतो, सकाळच्या तपासणीसाठी रक्त घ्यायचे असते, लघवीच्या पिशव्या मोजून नोंदवायच्या असतात आणि संपत आलेल्या सलाईनच्या बाटल्या बदलायच्या असतात.

अशाच एका पहाटे, नुकतीच रुजू झालेली एक मुलगी माझ्यासोबत होती. हृदय कमकुवत असलेल्या एका वृद्ध रुग्णाला ५०० मिली सलाईन सहा तासांत द्यायचे होते. आमच्याकडच्या सेटमध्ये २० थेंबांचे एक मिली होते. म्हणजे ५०० गुणिले २० भागिले ३६० मिनिटे, साधारण २८ थेंब दर मिनिटाला. तिने ५०० ला ६ ने भागले, ८३ हा आकडा काढला आणि मिनिटाला ८३ थेंब लावले. ८३ हा आकडा चुकीचा नव्हता, पण तो तासाला किती मिली याचा होता. थेंबांच्या जागी तो बसला की सहा तासांची बाटली दोन तासांत रिकामी होते, आणि अशा हृदयाच्या माणसाच्या फुफ्फुसात पाणी साठून त्याला धाप लागू शकते. बाटलीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर तासांच्या खुणा करण्याची आमच्याकडे पद्धत होती. फेरीत पाणी खुणेच्या बरेच खाली दिसले, म्हणून मी थांबले आणि थेंब मोजले.

मी सलाईन बंद केले, ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावले आणि रुग्णाची छाती तपासून घेतली. काही बिघडलेले नव्हते. मुलगी मात्र रडू लागली आणि ‘मी या कामाच्या लायकीची नाही’ असे म्हणू लागली. मी तिला म्हटले, “तुला गणित येते. रात्री दहा वाजता याच वॉर्डात तू तीन बाटल्या बरोबर लावल्यास. आता चार वाजले आहेत, एवढाच फरक आहे. पाचपर्यंत मोजायचे ते दोघींनी मोजायचे. मी थेंब मोजते, तू घड्याळ धर.” नंतर मी तिला वीस मिनिटे खुर्चीत डोळे मिटायला लावले. त्याहून जास्त झोपू दिले असते तर गाढ झोपेतून उठल्यावर डोके आणखी जड झाले असते. उठल्यावर पहिली काही मिनिटे तिच्या हाती औषध दिले नाही.

सकाळी पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, म्हणजे ओव्हर देताना, मी सारे जसे घडले तसे सांगितले. वॉर्डाच्या प्रमुख परिसेविकाबाईंनी मुलीला सर्वांसमोर सुनावले, लेखी खुलासा मागितला आणि फळ्यावर ‘दक्षता हीच सेवा’ असे लिहिले. मी त्यांना सांगितले की या ओळीने पुढची चूक टळणार नाही, ती फक्त लपवली जाईल. दमलात असे बोलून दाखवले की माणसे ढिली पडतात, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत बदलले नाही. माझे मत आजही नेमके उलट आहे. जिला ‘दमले आहे’ म्हणता येते तीच दुसरीला ‘जरा हे बघ’ म्हणून हाक मारते. ती मुलगी पुढे प्रत्येक बाटली लावताना मला किंवा दुसऱ्या कोणाला बोलावत असे, आणि त्याबद्दलही बाईंनी ‘आत्मविश्वास नाही’ असा शेरा मारला होता!

आता तुमच्या ओळींकडे वळते. निघताना पाठवायची ओळ थकव्याची दखल घेणारी असावी आणि तिच्या पोटी तुमचे एखादे काम असावे : “आज दुपारी तुझी झोप तुटली, हे मला माहीत आहे. उद्या दोनपर्यंत दाराची बेल बंद ठेवतो आणि आईलाही सांगून ठेवले आहे.” शंभर सुविचारांपेक्षा ही बेल तिच्या जास्त उपयोगाची आहे.

मध्यरात्रीच्या चहाला वाचता येईल अशी दुसरी : “चारच्या सुमाराला डोळे जड झाले तर तो तुझा आळस नाही, ती वेळच तशी आहे. जे मोजशील ते दुसऱ्या सिस्टरला एकदा दाखव.” उद्देशाची आठवण द्यायचीच असेल तर मोठे शब्द टाळून वॉर्डातलेच काही सांगा : “बेल वाजवली तर कोणीतरी येईल, या खात्रीवर तुझा वॉर्ड झोपतो. आज ते येणारे माणूस तू आहेस.” सकाळी फक्त एवढेच पुरे : “ओव्हर दिलीस ना? मग आता वॉर्ड त्यांचा. तू झोप.” ही शेवटची ओळ मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे, कारण घरी पोचूनही ‘सात नंबरचे इंजेक्शन लिहिले की नाही’ हा विचार झोपू देत नाही.

रोज पाठवू नका, उत्तराची अपेक्षा ठेवू नका आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी पाळीचा विषयही काढू नका. हेही सांगायला हवे की मी एका प्रकारच्या वॉर्डातून बोलते आहे. अतिदक्षता विभागात किंवा प्रसूतिगृहात रात्रीचा वेग निराळा असतो, आणि साठ खाटांना एकच सिस्टर असेल तर ‘दुसरीला दाखव’ ही माझी ओळ तिला थट्टा वाटेल. तेव्हा ओळी बाजूला ठेवून तिला मनुष्यबळाची लेखी मागणी करायला मदत करा. शिवाय ती सकाळी स्कूटरवरून घरी येत असेल आणि सिग्नलला डुलकी लागल्याचे एकदा जरी बोलली असेल, तर पाळी संपल्यावर रुग्णालयातच थोडे झोपून निघायला सांगा, किंवा त्या आठवड्यात तुम्हीच तिला आणायला जा.