`/` आणि `/home`: हाताने पार्टिशन करताना

परभणीच्या तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायला 100 जीबी जागा मोकळी केली आहे, तेव्हा इन्स्टॉलरच्या पार्टिशनच्या पडद्यावर C: आणि D: शोधू नका. लिनक्सची सर्व फोल्डरे `/` या एकाच मुळातून फुटतात आणि माउंट पॉइंट म्हणजे एखादे पार्टिशन त्यात कोठे जोडायचे तो पत्ता.

- `/` ला 40 जीबी, ext4 या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये: `/usr`, `/etc`, `/var` आपोआप यातच राहतात, त्यांची वेगळी पार्टिशने नवख्याने करूच नयेत.
- `/home` ला उरलेली जागा, ext4: तुमच्या फायली येथे राहतात, म्हणून पुढे लिनक्स पुन्हा टाकताना `/` फॉरमॅट करून हे पार्टिशन, फॉरमॅटची खूण न करता, नुसते जोडता येते.
- `/boot/efi` साठी विंडोजचेच छोटे FAT32 पार्टिशन निवडावे.

सर्वांत महाग चूक या शेवटच्या ठिकाणी होते: ते फॉरमॅट झाले, तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो आणि विंडोज सुरू होत नाही.