रब नाहीसा झाला म्हणजे पेशंट बरा झाला, असं नाही

*"पेरिकार्डायटिस, इफ्युजन आणि टॅम्पोनेड वाचताना वेगवेगळे वाटतात, पण पेशंटसमोर उभं राहिलं की सगळं एकात एक मिसळतं. ईको होईपर्यंत नुसत्या तपासणीवर काय ओळखायचं आणि कशाला घाबरायचं?"*

वाचताना हे तीन धडे असतात, पेशंटमध्ये मात्र बऱ्याचदा एकाच आजाराचे तीन टप्पे. हृदयाच्या आवरणाला सूज आली की पेरिकार्डायटिस, त्या सुजेतून आवरणाच्या पिशवीत पाणी साठलं की इफ्युजन, आणि त्या पाण्याचा दाब इतका वाढला की हृदयाला भरायलाच जागा उरली नाही, की टॅम्पोनेड. टॅम्पोनेड हे निदान दाबावरून होतं, पाणी किती आहे यावरून नाही. पिशवीत एरवीही 15 ते 50 मिली द्रव असतो. अचानक रक्त साठलं तर 200 मिलीच्या आसपासही जीव जाऊ शकतो, आणि महिनोन्महिने हळूहळू साठलेलं लिटरभर पाणी घेऊन पेशंट चालत ओपीडीत येतो. आवरणाला ताणायला वेळ मिळाला की नाही, एवढाच फरक.

एक केस सांगतो. अडतीस वर्षांच्या बाई. ताप येऊन गेल्यावर छातीत सुरीसारखी टोचणारी कळ, आडवं झालं किंवा खोल श्वास घेतला की वाढायची, पुढे वाकून बसलं की उतरायची. कळ डाव्या खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत, मानेलगतच्या स्नायूपर्यंत जात होती. ही जागा पेशंटने बोट ठेवून दाखवली तर पेरिकार्डायटिसचा संशय माझ्या मनात पक्का होतो. ईसीजीत बहुतेक लीड्समध्ये एसटी वर, पीआर खाली. आणि रब अगदी ठळक.

रब ऐकायची रीत आहे, ती पाळली नाही तर तो निसटतो. पेशंटला पुढे वाकवून बसवायचं, श्वास पूर्ण सोडून धरायला सांगायचं आणि स्टेथोचा डायाफ्राम उरोस्थीच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला घट्ट दाबायचा. कोरड्या चामड्यावर चामडं घासावं तसा खरखरीत आवाज, अगदी कानाशी आल्यासारखा. श्वास धरल्यावरही चालू राहिला तर तो हृदयाचा, थांबला तर फुप्फुसाच्या आवरणाचा. सकाळी असतो, दुपारी नसतो, म्हणून एकदा ऐकू आला नाही तर "रब नाही" असं लिहून मोकळं होऊ नका.

ईकोत तेव्हा पाणी अगदी थोडं होतं. आयब्युप्रोफेन आणि कोल्चिसिन सुरू करून, त्रास वाढला तर लगेच यायला सांगून घरी पाठवलं. सहाव्या दिवशी बाई परत आल्या. म्हणाल्या, "दुखणं जवळजवळ गेलंय, पण दम लागतो, आडवं होता येत नाही." मशीनवर बीपी 108/84, नाडी 118, रब नाही. ड्युटीवरच्या ज्युनिअरला दोन गोष्टी दिसल्या: कळ गेली, म्हणजे सूज उतरली; मानेच्या शिरा फुगल्यात, दम लागतोय, म्हणजे हार्ट फेल्युअर. फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन भरून तयार होतं.

ते थांबवलं ते दोन गोष्टींमुळे. छाती दोन्ही बाजूंनी तळापर्यंत स्वच्छ होती. डाव्या बाजूच्या फेल्युअरमध्ये इतका दम असेल तर फुप्फुसात क्रेप्स ऐकू यायला हवेत. उजव्या बाजूला शिरा तुंबलेल्या आणि फुप्फुस मोकळं असेल तर हृदयाच्या भोवती काय आहे ते आधी बघावं. दुसरं, 108 आणि 84 मधलं अंतर फक्त 24. दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी झालंय आणि शरीर नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतंय, असा त्याचा अर्थ.

मग हाताने बीपी घेतलं. पल्सस पॅराडॉक्सस मोजायला साधं पारा किंवा डायलचं यंत्रच लागतं, ऑटोमॅटिक मशीनला तो कळत नाही. पेशंटला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यायचा; खोल श्वास घ्यायला सांगितलं तर आकडा खोटा वाढतो. कफ सिस्टोलिकच्या वर फुगवून अगदी सावकाश सोडायचा. 110 वर पहिले ठोके आले, पण फक्त श्वास सोडताना; आत घेतला की गायब. आणखी सोडत गेलो, तेव्हा 88 वर सगळे ठोके सलग ऐकू यायला लागले. फरक 22. दहापर्यंतचा फरक कुणातही असतो.

हे का होतं ते एकदा कळलं की विसरत नाही. श्वास आत घेताना उजव्या बाजूला जास्त रक्त येतं. एरवी उजवं वेंट्रिकल बाहेरच्या बाजूला फुगतं. इथे बाहेर दाबाखालचं पाणी आहे, म्हणून ते मधला पडदा डावीकडे ढकलतं. डावीकडे जागा कमी, रक्त कमी, बीपी खाली.

पण या खुणेवरही आंधळा भरवसा नको. दम्याच्या जोरदार अटॅकमध्येही पल्सस पॅराडॉक्सस मिळतो. उलट महाधमनीची झडप गळत असेल किंवा एएसडी असेल तर टॅम्पोनेड असूनही तो दिसत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये प्रत्येक ठोका वेगळा, त्यामुळे मोजणंच अवघड.

बेकच्या त्रिकुटाची, म्हणजे कमी बीपी, फुगलेल्या शिरा आणि दबलेले हृदयाचे आवाज, या तिन्हींची वाट बघत बसू नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. 1935 मध्ये ते मांडणारे क्लॉड बेक सर्जन होते, आणि ते चित्र जुळतं ते अचानक झालेल्या टॅम्पोनेडला. सावकाश वाढणाऱ्या टॅम्पोनेडमध्ये बीपी शेवटपर्यंत बरं राहू शकतं. या बाईंचे आवाज थोडे दूरचे वाटत होते, पण फक्त त्यावर मी पैज लावली नसती. शिरांबाबत एक फसगत मात्र नक्की टाळा: दाब फार वाढला की पंचेचाळीस अंशांवर शिरेची वरची पातळी जबड्यामागे लपते आणि मान सपाट वाटते. पेशंटला सरळ बसवून परत बघा. आणि पेशंट कोरडा पडला असेल तर टॅम्पोनेड असूनही शिरा फुगलेल्या नसतात.

ईकोत सगळीकडे पाणी, डायस्टोलमध्ये उजवं वेंट्रिकल आत दबत होतं. फ्युरोसेमाइड दिलं असतं तर हृदय भरायला जो शिरांचा दाब शिल्लक होता तोच उतरला असता. म्हणूनच अशा पेशंटला दम लागतोय म्हणून घाईने भूल देऊन व्हेंटिलेटरवर घेणंही धोक्याचं. छातीत बाहेरून दाब गेला की परतणारं रक्त आणखी कमी होतं. पेरिकार्डिओसेंटेसिस करताना पहिले पन्नासेक मिली निघाले तेवढ्यात नाडी उतरू लागली आणि बाई म्हणाल्या, "आता श्वास पुरतोय." ताणलेल्या पिशवीतून थोडं काढलं तरी दाब झपकन पडतो. एकूण सुमारे 400 मिली निघालं.

संध्याकाळी पुन्हा मोजलं तेव्हा फरक 8 होता. आणि पुढे वाकवून, श्वास धरायला लावून स्टेथो ठेवला, तर सकाळी गायब असलेला रब परत ऐकू येत होता. पाणी गेल्यावर दोन खरखरीत पापुद्रे पुन्हा एकमेकांना लागले होते.