'काजी'तला 'ज' कुठून आला?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. मराठीतल्या अरबी-फारसी शब्दांची तुझी यादी वाचली. मेहनत चांगली आहे. मोल्सवर्थचा कोश समोर ठेवून तू प्रत्येक शब्दापुढे 'अरबी' किंवा 'फारसी' लिहिलं आहेस, आणि काजी, रमजान, वजू, फर्ज हे सगळे 'अरबी'च्या रकान्यात गेले आहेत. ते चूक नाही, पण तुझ्या विषयाला ते पुरेसं नाही. शब्दाचं मूळ कुठलं हे कोश सांगतो, तो मराठीत कोणाच्या तोंडून आला हे सांगत नाही. तुला शोधायचे आहेत ते हे शब्द शिकवणारे आणि शिकणारे, त्यामुळे मुळापेक्षा वाट महत्त्वाची. यादीला 'वाट' असा आणखी एक रकाना जोड. तो कसा भरायचा ते या पत्रात सांगतो.

सुरुवात एकाच अक्षरापासून कर. अरबीत 'दाद' नावाचं एक जड अक्षर आहे. अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ आठव्या शतकात सीबवैहीने लिहिला. त्यात या अक्षराचं वर्णन आहे ते जिभेच्या कडेने काढायच्या आवाजाचं, म्हणजे त्यात 'ल'ची छटा होती. पुढे अरबांमध्ये तो जड 'द' झाला. परक्या माणसाला हा आवाज जमत नाही, म्हणून प्रत्येक समाजाने त्याच्या जागी आपल्याला जमेल तो आवाज घातला. इराणात आणि मध्य आशियात फारसी बोलणाऱ्यांनी हे अक्षर सरळ 'झ'सारखं वाचलं. त्यांच्याकडून जे शिकले, त्यांच्याकडेही तोच 'झ' आला.

आता 'काजी' घे. अरबीत तो 'कादी', दाद असलेला. मराठीत काजी, गुजरातीत काजी, बंगालीत काजी, कानडीत खाजी. मलयाळममध्ये मात्र 'खाळी'. मलायात 'कादी', तिकडे स्पेनमध्ये पुढे 'अल' हे उपपद चिकटून 'अल्काल्दे'. मलयाळममधला 'ळ' आणि स्पॅनिशमधला 'ल्द' यांत दादचा तो जुना 'ल' अजून ऐकू येतो. तो थेट अरबी बोलणाऱ्यांकडून किंवा त्यांच्या पठणाच्या परंपरेतूनच येऊ शकतो. मराठीतला 'ज' फारसी वाचनातून आला.

पण एका शब्दावर निकाल देऊ नकोस. तुर्कीत रमजान 'झ'नेच म्हणतात, आणि काजीला मात्र 'कादी' म्हणतात. एकाच भाषेत दोन वाटांचे शब्द राहू शकतात. म्हणून नेहमी मालिका लाव. मलयाळममध्ये काजी 'खाळी', रमजान 'रमळान', वजू 'वुळू', फर्ज 'फर्ळ'. तमिळमध्ये रमजान 'रमलान', वजू 'उळू'. मराठीत या रांगेतला प्रत्येक शब्द जकाराने, आणि रांग धर्मापाशी थांबतही नाही. अर्ज, कर्ज, गरज, मर्जी, राजी, रजा, हजर, कब्जा, जप्त, जामीन, फाजील, जिल्हा या सगळ्यांच्या अरबी मुळात दाद आहे आणि एकातही 'द' किंवा 'ळ' उरलेला नाही. इतकी सलग रांग दिसली की योगायोग म्हणता येत नाही. मशिदीत गेलेला शब्द आणि कचेरीत गेलेला शब्द एकाच वाचनाच्या शाळेतून आले आहेत.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं लिपीमुळे. मराठीत एकच 'ज' आहे, पण अरबीतली निदान पाच अक्षरं त्यात येऊन बसतात. जमात, हज, हुजरा यांतला 'ज' अरबीतही 'ज'च आहे, तो काहीच सिद्ध करत नाही. जकातमधला 'ज' अरबीतही 'झ' आहे, तोही निकामी. म्हणून शब्द यादीत घेण्याआधी त्याचं अरबी लेखन बघ आणि दाद असेल तरच कसोटीला लाव. माधव त्र्यंबक पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश यासाठी हाताशी ठेव. जहाजातल्या 'ज'चा आणि जनातल्या 'ज'चा उच्चार मराठीत वेगळा होतो, त्यावरून मूळ अक्षर ओळखता येईल असं वाटेल. तिकडे वळू नकोस. जिल्ह्यातला 'ज' फारसी वाचनात 'झ' असूनही पुढच्या इकारामुळे तालव्य झाला आहे.

दुसरं घसरणं म्हणजे दुबळे पुरावे गोळा करणं. हदीसमधला 'स' अरबीत 'थ'च्या जवळचा आहे आणि तो 'स' होणं फारसीचं लक्षण आहे, असं तू लिहिलं आहेस. पण मलायातही 'हदीस'च म्हणतात. ज्याच्या भाषेत तो आवाज नाही तो कुठेही 'स'च म्हणणार. जकात, कयामत यांच्या शेवटच्या 'त'चंही तसंच आहे. अरबीत थांबताना तो 'ह' होतो आणि फारसीत बरेचदा 'त' राहतो हे खरं, पण मलायातही 'जकात'च आहे. दाद चांगला, कारण त्याच्यापाशी भाषा खरोखर फुटतात.

आता यादीतला दुसरा गट, जो मला जास्त मोलाचा वाटतो. नमाज, रोजा, खुदा, पैगंबर, फरिश्ता, बिहिश्त, गुनाह हे शब्द अरबी नाहीतच. अरबीत नमाजाला 'सलात' आणि रोजाला 'सौम'. म्हणजे धर्माचे नेमके रोजचे शब्द फारसीतून आले, आणि न्यायाचे व शास्त्राचे शब्द अरबीच राहिले, फक्त फारसी वाचनाने. याचं कारण हिंदुस्थानात सापडत नाही, ते बुखारा आणि बल्खकडे आहे. तिथे दहाव्या शतकात सामानी राजा मन्सूर इब्न नूह (961 ते 976) याने तबरीच्या कुराणभाष्याचं फारसी भाषांतर करवलं, आणि त्याआधी तिथल्या विद्वानांकडून तसं करणं धर्माला मान्य आहे असा निर्णय घेतला. त्या प्रदेशात धर्मशास्त्राचं हनफी मत होतं, आणि ते ज्याच्या नावाचं त्या खुद्द अबू हनीफाने नमाजात फारसी पठणाला वाव दिला होता. अशा वातावरणात इराणचे जुने, जरथुष्ट्री काळातले शब्द नव्या धर्माच्या कामाला लागले. 'बिहिश्त' हा अवेस्तातला 'वहिश्त', म्हणजे सर्वोत्तम. आपला 'वसिष्ठ' त्याचा भाऊ.

या भावकीबद्दल जपून लिही. नमाज 'नमस्'पासून निघाला, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. संस्कृत 'नमस्' आणि अवेस्तातला 'नेमह' एका आईची मुलं, आणि नमाज इराणी घरात वाढला. ओळखायची खूण सोपी आहे: संस्कृतात स्वरांमध्ये आलेला 'स' इराणीत 'ह' होतो. गुनाह आणि विनाश यांचं नातं असंच. मध्य फारसीत तो 'विनाह' होता, पुढे 'वि'चा 'गु' झाला. संस्कृतातून उसना घेतला असता तर हे बदल त्यात दिसले नसते.

ही घडण हिंदुस्थानात येण्याआधीच पूर्ण झाली होती. दख्खनमध्ये ती आली तेव्हा तिला तयार शिकवणारे होते. 1327 मध्ये तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली आणि दिल्लीचे काजी, मौलवी, सूफी या बाजूला आले. खुलदाबादला 1337 मध्ये वारलेल्या सूफी बुऱ्हानुद्दीन गरीबांची वचनं शिष्यांनी फारसीत टिपून ठेवली. 1472 मध्ये बीदरला मदरसा उभा राहिला, तो बांधणारा महमूद गावान इराणातल्या गिलानचा. विद्या अरबी, शिकवण्याची भाषा फारसी, आणि खाली मराठी कारकून कानाने ऐकून मोडीत लिहिणारा. म्हणूनच शब्दांची रूपं पुस्तकी नाहीत. मस्जिदची मशीद झाली आणि गुनाहचा गुन्हा. अर्थही कचेरीत बदलला: गुनाह म्हणजे देवापुढचं पाप, मराठीत गुन्हा म्हणजे सरकारपुढचा अपराध. जकात दानाची होती, ती नाक्यावरची झाली. मराठी लिहिणारा मदरशात बसला नव्हता, तो काजीच्या आणि हवालदाराच्या समोर बसला होता, असं या दोन अर्थांवरून म्हणता येतं. याहून पुढे जाऊ नकोस. धर्मचर्चेचा पुरावा हवा असेल तर तो संतांच्या रचनांत वेगळा शोधावा लागेल.

कोकणाचा तुकडा तुझ्या प्रबंधात आवर्जून घे. कोकणी मुसलमान हनफी नव्हे, शाफई मताचे आहेत, जसे मलबारचे, मलायातले आणि पूर्व आफ्रिकेतले. ती वाट समुद्राची आहे, अरबस्तानाशी जोडलेली. पण मराठी कागदात कोकणातलाही काजी 'काजी'च लिहिला जातो, कारण वतन देणारा दरबार फारसीत चालत होता. मत एका वाटेने आणि हुद्द्याचा शब्द दुसऱ्या वाटेने, हे इथे शेजारी शेजारी दिसतं.

कागद वाचताना तारखेत अडकशील, म्हणून एवढं सांगून ठेवतो. 'सन खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, शुहूर सन 1075. वर्ष मृगापासून सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला 599 मिळव आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. शिवराज्याभिषेक 6 जून 1674 चा, तो याच 1075 मध्ये पडतो. शब्द नोंदवताना ही तारीख शेजारी लिही आणि कागद मूळ आहे की नंतरची नक्कल आहे तेही लिही. नकलाकार आपल्या काळाचं रूप घालून मोकळा होतो.

आणि आजच्या बोलण्यातून नमुने घेताना 'रमदान' किंवा 'अल्ला हाफिज' ऐकलंस तर ते जुन्या थरात टाकू नकोस. 'खुदा हाफिज' मागे पडून 'अल्ला हाफिज' रुळला तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, आणि 'रमदान'मध्ये अरबी उच्चार मुद्दाम राखलेला आहे. तो नवा, वेगळा संपर्क आहे, आखाताशी आणि छापील अरबीशी. त्याला वेगळा रकाना दे. पुढच्या खेपेला फक्त दादचे पंधरा शब्द पाठव: अरबी लेखन, मराठी रूप, सर्वांत जुना कागद, आणि मलयाळम किंवा तमिळमधलं रूप मिळालं तर तेही. रूप मिळालं नाही तर जागा कोरी ठेव, अंदाजाने भरू नकोस.

तुझा शुभचिंतक