तीन मिनिटांत प्रबंध: मीठफुटीच्या रानाचं उदाहरण

«माझा प्रबंध वाळवा तालुक्यातल्या क्षारपड जमिनींवर आहे. २३० पानं, सहा प्रकरणं. मुख्य निष्कर्ष असा की सच्छिद्र पाईप टाकूनही, जिथे पाईपाचं तोंड ओढ्याच्या पाण्यात बुडतं तिथे जमीन सुधारत नाही. पण बाकीचे निष्कर्षही आहेत. सांगलीत तीन मिनिटांच्या स्पर्धेत काय ठेवू, काय काढू?»

ताई, तुमचं भाषण «पण»च्या आधी संपलेलं आहे. बाकीचे निष्कर्ष कितीही कष्टाचे असले तरी त्या दिवशी घरी ठेवा.

आधी वेळ मोजू. सावकाश, श्वास घेत बोललं तर मराठीत मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. म्हणजे लिहायचे ३०० शब्द, थोडी जागा राखून. हा स्पर्धेचा प्रकार २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने सुरू केला. त्यांच्या नियमांत एकच स्थिर स्लाइड चालते आणि तीन मिनिटांच्या वर गेलं की स्पर्धक बाद. तुमच्याकडचे नियम विचारून घ्या, पण तयारी याच मापाने करा.

आता मुख्य काम. सहा प्रकरणांतून पन्नास-पन्नास शब्द काढू नका. त्याने भाषण होत नाही, नुसती अनुक्रमणिका होते. निष्कर्षाचं वाक्य कागदाच्या मधोमध लिहा आणि विचारा, हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? «वाळव्यातली क्षारपड जमीन» हा विषय झाला, समस्या नाही. तुमच्या निष्कर्षाचा प्रश्न असा आहे: एकाच शिवारात दोघांनी पाईप टाकले, मग एकाचंच रान का सुधारलं? समस्या म्हणून एवढंच सांगायचं. उसाचं क्षेत्र, कृष्णेच्या पाण्याचा इतिहास, आधीचे अभ्यास, सगळं गळतं.

सुरुवात अशी करून बघा:

«बांधाच्या अलीकडे ऊस डोक्याएवढा. पलीकडे मातीवर पांढरं मीठ, पाऊल टाकलं की कुरकुरतं. दोन्ही शेतकऱ्यांनी जमिनीखाली पाईप टाकले होते. खर्च दोघांनीही केला. मग मीठ एकाच्याच रानात का राहिलं?»

हे तीसेक शब्द आहेत आणि एकही व्याख्या नाही.

सगळ्यात जास्त शब्द मधल्या भागाला द्या, कारण ऐकणाऱ्याला कारण पटलं पाहिजे. जमिनीखालचं पाणी वर आलं की मातीच्या बारीक छिद्रांतून ते पृष्ठभागापर्यंत चढतं. ऊन पाणी नेतं, मीठ मागे ठेवतं. पाईपाचं काम ते पाणी खाली उतरवून बाहेर काढायचं. पण ओढा गाळाने भरला, पाईपाचं तोंड बुडालं, तर पाणी जाणार कुठे? ते रानातच तुंबतं. हे पाच वाक्यांत आठवीतल्या मुलाला कळतं. विद्युत वाहकता, सामू, नमुने घेण्याची पद्धत परीक्षकांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की माती क्षारयुक्त धरतात, हे तुम्हाला पाठ असेलच. सभागृहात मात्र ‹मीठ› म्हणा. पद्धतीला एक वाक्य पुरे: किती शेतं, किती हंगाम पाहिले.

ते वाक्य मात्र काढू नका. कापाकापीत पहिला बळी मर्यादेचा जातो. «मी पाहिलेल्या शेतांत» गेलं की «पाईप बुडाला तर जमीन सुधारतच नाही» असा सरसकट दावा उरतो, आणि जाणता परीक्षक नेमकं तिथेच धरतो.

परिणामाची एक कसोटी आहे. मधला भाग हाताने झाका. तरीही शेवटचं वाक्य तसंच म्हणता येत असेल, तर ते तुमचं नाही. «पाणी जपून वापरायला हवं, शासनाने लक्ष द्यावं» हे संशोधन न करताही म्हणता येतं. तुमच्या निष्कर्षातून निघतं ते वेगळं आहे: पाईपावर पैसे घालण्याआधी गावाने मिळून ओढ्याचा गाळ काढावा, आणि पावसाळ्यात ओढ्याची पातळी कुठवर चढते ते बघून पाईपाच्या तोंडाची उंची ठरवावी. एकट्या शेतकऱ्याच्या हातात हे नाही, म्हणूनच ते सांगण्यासारखं आहे. आणि तिथेच थांबा, धन्यवादाच्या यादीत वेळ घालवू नका.

स्लाइडवर आलेख नको. हाताने काढल्यासारखी दोन चित्रं ठेवा: एकात पाईपाचं तोंड ओढ्याच्या पाण्यावर, दुसऱ्यात पाण्याखाली. आकडा एकही नको.

मग ज्यांच्या रानात तुम्ही नमुने घेतलेत, त्यांच्यापैकी एका काकांना हे भाषण बांधावर म्हणून दाखवा. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, काय लक्षात राहिलं? «ओढ्याचा गाळ आधी काढायचा» असं आलं तर काम झालं. «पोरीने लई अभ्यास केलाय» एवढंच आलं, तर मधल्या भागात अजून दोन गोष्टी घुसल्या आहेत. त्या शोधून काढा.