बुडीत खाती टाकलेली रक्कम परत आली, तर जुन्या वर्षाचे हिशेब बदलावे लागतात का?

प्रश्न: "चोपड्यात माझे पीव्हीसी पाइपचे दुकान आहे. शिरपूरच्या एका विक्रेत्याकडे जून 2021 च्या बिलाचे 1,18,000 रुपये (त्यात जीएसटी 18,000) अडकले होते. 31 मार्च 2023 ला ते बुडीत खाती टाकले, विवरणपत्रात मात्र वजावट 1,00,000 चीच घेतली. आता नोव्हेंबर 2024 मध्ये त्याने 70,000 रुपये बँकेत भरले. ते त्याच्या जुन्या खात्यावर जमा करू की 2022-23 चे हिशेब उघडून दुरुस्त करू?"

उत्तर: दोन्ही करू नका. ही रक्कम 2024-25 या वर्षाचे उत्पन्न आहे, आणि 2022-23 चा ताळेबंद जसा सही होऊन बँकेत व आयकर खात्यात गेला तसाच राहील. मी जळगावात व्यापाऱ्यांचे हिशेब पाहतो. कापसाचा पैसा हाती आला की दिवाळीनंतर अशा जुन्या येण्यांपैकी काही परत येतात, आणि बहुतेक वेळा देणाऱ्याला नव्या हंगामाचा माल उधारीवर हवा असतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येतो.

मूळ नोंद अशी करावी:

बँक खाते ........ नावे 70,000
बुडीत कर्ज वसुली खात्याला ........ 70,000

वर्षाअखेरीस बुडीत कर्ज वसुली खाते नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूस जाते. टॅलीत हे खाते Indirect Incomes या गटाखाली उघडावे. संशयित कर्जासाठी तुम्ही निधी ठेवत असाल, तर ही वसुली त्या निधीत मिसळू नये, कारण निधी आज येणे असलेल्या रकमांसाठी असतो आणि हे येणे तुमच्या पुस्तकांतून केव्हाच गेलेले आहे.

ग्राहकाच्या खात्यावर थेट जमा केल्यास काय होते ते नीट पाहा, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. 31 मार्च 2023 च्या नोंदीने त्याचे खाते शून्यावर आले आहे. त्यावर 70,000 जमा केले की ऋणकोंच्या यादीत त्याच्या नावापुढे 70,000 ची जमा शिल्लक दिसू लागते, म्हणजे पुस्तकांच्या दृष्टीने तुम्हीच त्याचे देणेकरी ठरता. उत्पन्न कुठेच दिसत नाही, आणि पुढच्या हंगामात त्याने 70,000 चा माल नेला की त्या मालाचे पैसे आधीच आले असल्याचे खाते सांगते. तुमच्या मार्चच्या यादीत एखाद्या जुन्या ग्राहकाची अशी जमा शिल्लक असेल आणि त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेतल्याचे कोणालाच आठवत नसेल, तर प्रथम बुडीत कर्जाची जुनी नोंद शोधावी.

ग्राहकाचा इतिहास त्याच्याच खात्यावर दिसावा अशी तुमची इच्छा असेल, तर ती चुकीची नाही. उधारी पुन्हा द्यावी की नाही हे ठरवताना तो उपयोगी पडतो. त्यासाठी आधी ग्राहकाचे खाते 70,000 ने नावे करून बुडीत कर्ज वसुली खात्याला जमा द्यावी आणि मग बँक खाते नावे करून ग्राहकाच्या खात्याला जमा द्यावी. दोन्ही नोंदी पैसे मिळाले त्याच तारखेच्या असाव्यात आणि रक्कम मिळालेली तेवढीच असावी. काही जण उत्साहाने पूर्ण 1,18,000 पुन्हा उभे करतात. तसे केल्यास न मिळालेले 48,000 उत्पन्नात येतात, आणि ते आले नाहीत तर पुन्हा बुडीत टाकण्याची वेळ येते.

आता जुन्या वर्षाला हात का लावायचा नाही, ते सांगतो. 31 मार्च 2023 ला तुमच्याकडे असलेल्या माहितीवरून तुम्ही अंदाज केला की पैसा येणार नाही. पुढे परिस्थिती बदलली म्हणून तो अंदाज मागाहून चूक ठरत नाही. लेखा मानक 5 नुसार पूर्वकालीन बाब म्हणजे आधीच्या वर्षांच्या हिशेबातील चूक किंवा राहून गेलेली गोष्ट. अंदाजातील बदल त्यात मोडत नाही. कसोटी सोपी आहे. हेच 70,000 फेब्रुवारी 2023 मध्ये बँकेत येऊन दुसऱ्याच खात्यावर पडून राहिले असते, तर ती खरी चूक ठरली असती, आणि तरीही तिची दुरुस्ती चालू वर्षात पूर्वकालीन बाब म्हणून वेगळी दाखवून झाली असती. पैसे एप्रिल-मे 2023 मध्ये, हिशेब अंतिम होण्यापूर्वी, आले असते, तरच 31 मार्चच्या नोंदीचा फेरविचार करावा लागला असता. तुमच्या बाबतीत दोन्ही घडलेले नाही. जुनी नोंद पुसली, तर 2022-23 चा नफा व भांडवल वाढेल, त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाची आरंभीची शिल्लक सरकेल, आणि दाखल विवरणपत्राशी पुस्तके जुळणार नाहीत.

तुमच्या प्रश्नातील खरा नाजूक भाग कराचा आहे. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 36(2) नुसार जी रक्कम कधीतरी उत्पन्नात धरली गेली, तिचीच बुडीत कर्ज म्हणून वजावट मिळते. जीएसटी वेगळ्या खात्यात ठेवल्याने तुमच्या विक्रीत 1,00,000 च आले होते, म्हणून तुमच्या सल्लागाराने तेवढीच वजावट घेतली असावी. वसुलीसाठी कलम 41(4) आहे. मूळ कर्ज आणि मंजूर झालेली वजावट यांतील फरकापेक्षा वसुली जितकी जास्त, तितकीच रक्कम वसुलीच्या वर्षात करपात्र होते. तुमचा फरक 1,18,000 वजा 1,00,000, म्हणजे 18,000. वसुली 70,000. करपात्र रक्कम 52,000. पुस्तकांत मात्र पूर्ण 70,000 उत्पन्न राहील आणि आयकराच्या गणनेत 18,000 वजा होतील. 2022-23 ची करगणना आणि त्या वेळच्या बुडीत कर्जाच्या नोंदीची प्रत या कागदांसोबत जोडून ठेवा, कारण हे 18,000 कुठून आले असा प्रश्न विचारला गेल्यास उत्तर त्यातच आहे.

जीएसटीबाबत थोडक्यात: 2021 मध्ये तुम्ही 18,000 कर भरलेला आहे, आणि ग्राहकाने पैसे दिले नाहीत एवढ्या कारणावरून तो परत मिळण्याची सोय नव्हती. म्हणून वसुलीवर नवा कर नाही, नवे बिल नाही, क्रेडिट नोटही नाही. मूळ रकमेच्या वर त्याने उशिराचे व्याज दिले असते, तर त्या व्याजावर मात्र मिळाल्याच्या तारखेला कर लागला असता. ग्राहकाला 180 दिवसांत पैसे न दिल्यामुळे आपले क्रेडिट उलटवावे लागले असेल. आता दिलेल्या रकमेपुरते ते त्याला पुन्हा घेता येईल. त्यासाठी तो पावती मागेल, तेव्हा पावतीवर 2021 च्या बिलाचा क्रमांक लिहून द्या.

उरलेले 48,000 पुढे कधी आले, तर नोंद हीच राहील. फरकाचे 18,000 या वर्षी वापरून संपलेले असतील, त्यामुळे त्या वेळी पूर्ण 48,000 करपात्र होतील.