फक्त शनिवारी पिण्याने लकवा होतो का?

बाबा फक्त शनिवारीच पितात, तरी डॉक्टर लकव्याची भीती का घालतात?

कारण एका बैठकीत भरपूर प्यायलं की दुसऱ्या दिवशी रक्तदाब चढलेला असतो. वर्षानुवर्षं असा दाब सोसून मेंदूतल्या बारीक धमन्या कमकुवत होतात आणि एखादी फुटते. यकृतही बिघडलेलं असेल तर रक्त लवकर गोठत नाही, रक्तस्राव पसरतो.

दुसरी वाट हृदयातून जाते. जास्त दारूने वरचा कप्पा आकुंचन न पावता नुसता थरथरू शकतो; तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अडकते. रविवारी सकाळी बाबांची नाडी मनगटावर मिनिटभर बघा. ठोके वेडेवाकडे लागले तर लगेच ईसीजी काढा. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर थेट सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत.